फरश्या मोजता येतील असा व्हिडिओ

"दादा, व्हिडिओतला हॉल हाच का?"

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पुढे धायरीतल्या एका फ्लॅटमध्ये उभं राहून एका बाईंनी मला हा प्रश्न विचारला, त्याला आता सहा वर्षं होतील. नवरा-बायको लातूरहून रात्रीच्या बसने आले होते. पहिलंच घर घ्यायचं होतं. मी काढलेला व्हिडिओ त्यांनी फोनवर पाच-सहा वेळा बघितला होता, सोफा कुठे, टीव्ही कुठे हेही ठरवून आले होते. नवऱ्याने हॉलच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले, भिंतींकडे बघितलं आणि काही न बोलता खाली आणले. दुपारच्या बसने ते परत गेले. एक दिवसाची रजा, दोन माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि रात्रभराचं जागरण वाया गेलं, ते माझ्या एका लेन्समुळे. मी तो हॉल फोनच्या ०.५ वर काढला होता. दहा फुटांची खोली त्यात चौदा फुटांची वाटत होती.

तेव्हापासून घराचा व्हिडिओ काढायचा म्हटलं की मी आधी कागद घेतो, कॅमेरा नंतर. त्या कागदाला आमच्या धंद्यात शॉट लिस्ट म्हणतात. कोणता शॉट कुठून, कोणत्या वेळी, किती सेकंदांचा, हे त्यावर लिहिलेलं असतं. यातला मुख्य भाग म्हणजे दारातून आत शिरून घरभर फिरणारा कॅमेरा, म्हणजे वॉकथ्रू. त्याच्या मधेमधे जोडायला वेगळी घेतलेली छोटी दृश्यं म्हणजे बी-रोल. बातम्यांत माणूस बोलत असतो आणि पडद्यावर त्या गावाचा रस्ता, बाजार दिसतो, तसाच हा प्रकार. घरांच्या व्हिडिओत बी-रोल म्हणून बहुतेक वेळा हलणारा पडदा, चकचकीत नळ आणि फुलदाणी दिसते. दिसायला छान दिसतं, पण घर घेणाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

ज्याने आधी एक घर घेतलंय त्याला काय विचारायचं ते माहीत असतं. पाणी किती वेळ येतं, वरच्या मजल्याची ओल उतरते का, बेडरूममध्ये कपाट लागल्यावर चालायला जागा उरते का, हे तो स्वतःहून विचारतो. पहिल्यांदा घेणाऱ्याला हे प्रश्न राहायला गेल्यावर सुचतात. म्हणून त्याच्यासाठीची शॉट लिस्ट मी खोल्यांवरून करत नाही, प्रश्नांवरून करतो. कागदाच्या डाव्या बाजूला प्रश्न आणि उजव्या बाजूला त्याचं उत्तर देणारा शॉट. ज्या शॉटसमोर प्रश्न लिहिता येत नाही तो मी घेत नाही.

अलीकडेच धायरीतच केलेलं एक काम सांगतो. पाच मजल्यांची, बारा वर्षांची इमारत. तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा टू बीएचके, कार्पेट ५९० चौरस फूट. हॉल दहा बाय सोळा, बाहेर पश्चिमेला बाल्कनी. किचन आठ बाय नऊ, पूर्वेला खिडकी. एक बेडरूम दहा बाय अकरा, दुसरी दहा बाय बारा. हा फ्लॅट बघणारी माणसं बहुतेक भाड्याच्या घरातून येणारी, तरुण, दोघंही नोकरी करणारी. कागदावरचा पहिला प्रश्न अर्थातच होता, घर खरं किती मोठं आहे?

याचं उत्तर फरशी देते. आपल्याकडच्या फ्लॅटमधली व्हिट्रिफाइड टाइल बहुतेक ६०० मिलिमीटरची, म्हणजे साधारण दोन फुटांची असते. सुरुवातीला एका टाइलवर मेजरिंग टेप ठेवून वरून सरळ शॉट घ्यायचा, आकडा वाचता येईल असा. मग कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणून एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत फरशीवरून हळू न्यायचा. बघणारा मोजतो, एक, दोन, तीन, चार, पाच. पाच टाइल म्हणजे दहा फूट. लांबीला आठ, म्हणजे सोळा. सात सेकंदांचे हे दोन शॉट हॉलची मापं कोणत्याही पाटीपेक्षा पक्की सांगतात. जुन्या इमारतीत टाइल एक फुटाची किंवा सोळा इंचांचीही निघते, म्हणून टेपचा शॉट चुकवायचा नाही.

लेन्स कोणती, हेही फरशीच सांगते. फोनचा ०.५ म्हणजे अतिरुंद लेन्स. ती जवळची वस्तू मोठी आणि लांबची फार लांब दाखवते. तिच्यातून काढलेल्या खोलीत फ्रेमच्या कडेच्या टाइल ताणल्यासारख्या लांबट दिसतात, मधल्या बारीक दिसतात. कडेला आलेली दाराची चौकट तिरपी झुकते. मी फोनचा १x किंवा कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स वापरतो. त्यात लहान बेडरूम एका फ्रेममध्ये मावत नाही, हे खरं. मग दारातून एक आणि खिडकीच्या कोपऱ्यातून उलट बाजूने एक असे दोन शॉट घ्यायचे. खोली दोनदा दिसली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. एजंट मंडळींना हे पटवायला वेळ लागतो. त्यांचं म्हणणं असतं, घर लहान दिसलं तर माणूस येणारच नाही. माझं म्हणणं असं की ज्याला ते घर लहान पडणार आहे त्याने न आलेलंच बरं.

रिकाम्या घरात दुसरी एक अडचण असते. रिकामी खोली डोळ्याला भरत नाही, तिथे काय मावेल ते कळत नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये याच्या उलट होतं. तिथे सामान बेताच्या मापाचं करून ठेवलेलं असतं, कधी आतली दारंच लावलेली नसतात, त्यामुळे सगळं ऐसपैस वाटतं. मी रिकाम्या खोलीत रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी घेऊन जमिनीवर सामान आखतो. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये पाच फूट बाय साडेसहा फुटांचा डबल बेड आखला, समोरच्या भिंतीला दोन फूट खोलीचं कपाट आखलं. अकरा फुटांतून साडेसहा आणि दोन गेले, उरले अडीच फूट. कपाटाचं दार उघडून समोर माणूस उभा राहील, पण दुसऱ्याला मागून जायला जागा नाही. मी सहायकाला त्या अडीच फुटांत उभं केलं आणि स्टुलावर चढून वरून शॉट घेतला. त्या व्हिडिओतला सर्वांत उपयोगी शॉट कोणता असं मला विचारलं, तर मी हाच सांगेन. नंतर तो बघून आलेल्या एका जोडप्याने दारातच सांगितलं, "आम्ही सरकत्या दारांचं कपाट करणार."

आता चालण्याकडे येऊ. मुख्य वॉकथ्रू मी शक्यतो एका सलग शॉटमध्ये घेतो. सेफ्टी डोअरपासून हॉल, तिथून पॅसेज, किचन, ड्राय बाल्कनी, मागे येऊन बाथरूम, एक बेडरूम, दुसरी बेडरूम. सलग घेण्याचं कारण एकच, बघणाऱ्याच्या डोक्यात घराचा नकाशा तयार होतो. कापून कापून जोडलं की खोल्या सुट्या पडतात. बाथरूमचं दार नेमकं डायनिंगच्या जागेसमोर उघडतं, हे अशा कापाकापीतच लपतं. कॅमेरा गिंबलवर, छातीच्या उंचीवर, साडेचार फुटांच्या आसपास. डोक्यावर धरला तर जमीन जास्त दिसते आणि ओटा बुटका वाटतो. चाल नेहमीच्या निम्म्या वेगाची. प्रत्येक दारात पाच सेकंद थांबायचं, कारण बघणारा फोनच्या लहान पडद्यावर बघतोय आणि त्याला खोली समजायला तेवढा वेळ लागतोच. धायरीच्या घरात हा शॉट एक मिनिट चाळीस सेकंदांचा झाला. आठवेळा घ्यावा लागला. दोनदा बाथरूमच्या आरशात मीच दिसलो, एकदा ड्राय बाल्कनीच्या उंबरठ्याला पाय अडला.

फोनवर काढणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघून घ्यावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेला असतो, त्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की ते बहुतेक जातात. न गेले तर तो दिवा बंद करून दुसरा लावावा. एडिटिंगमध्ये हे पट्टे नीट काढता येत नाहीत.

कागदावरचा दुसरा मोठा प्रश्न उजेडाचा. "हवेशीर, भरपूर उजेड" हे शब्द प्रत्येक जाहिरातीत असतात. उजेड खरंच किती, हे दाखवायला मी हॉलच्या एका कोपऱ्यात ट्रायपॉड लावतो, त्याच्या तिन्ही पायांखाली चिकटपट्टीच्या खुणा करतो आणि त्याच जागेवरून तीन वेळा शॉट घेतो. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच. दिवे बंद, पडदे नाहीत. इथे एक चूक हमखास होते. फोन आपोआप एक्स्पोजर ठरवतो. अंधार झाला की तो चित्र उजळ करतो, ऊन आलं की दाबतो. परिणामी तिन्ही शॉट सारखेच दिसतात आणि केलेली मेहनत खोटी पडते. म्हणून दुपारचं एक्स्पोजर ठरवून ते आकडे वहीत लिहायचे आणि तिन्ही वेळा तेच लावायचे. अर्थात त्यासाठी आदल्या दिवशी दुपारी एक फेरी मारावी लागते. व्हाइट बॅलन्सही एकच ठेवायचा, नाहीतर संध्याकाळच्या उन्हाचा पिवळेपणा फोन पुसून टाकतो.

धायरीच्या हॉलमध्ये सकाळी नऊचा शॉट सरळसरळ अंधारा आला. भिंती करड्या, कोपरा काळा. पश्चिमेची बाजू, सकाळी ऊन येणार कुठून? साडेपाचला मात्र उन्हाची तिरीप बाल्कनीतून आत येऊन पार समोरच्या भिंतीपर्यंत पोचली. मालकांना सकाळचा शॉट नको होता. मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही इथे बारा वर्षं राहिलात, सकाळी दिवा लावत होतात की नाही?" ते हसले आणि म्हणाले, "लावत होतो. ठेवा." तो शॉट राहिला. त्याच वेळी पूर्वेच्या किचनमध्ये ओट्यावर पडलेलं सकाळचं ऊनही आम्ही दाखवलं, कारण तेही तितकंच खरं होतं.

पाण्याचा प्रश्न पुण्याच्या या भागात कोणी विसरत नाही, आणि पाणी बोलून दाखवता येत नाही. बाथरूममध्ये पंधरा लिटरची बादली ठेवली, शेजारी फोनवर टायमर लावला, दोन्ही एका फ्रेममध्ये घेतले आणि नळ पूर्ण उघडला. बादली भरायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले. व्हिडिओत हा शॉट वेग वाढवून आठ सेकंदांत बसवला. टायमर फ्रेममध्येच असल्यामुळे फसवणूक होत नाही, आकडा सगळ्यांना दिसतो. एवढ्यावर मात्र थांबता येत नाही. या बादलीतून फक्त गच्चीवरच्या टाकीपासून नळापर्यंतचा जोर कळतो. टाकीपासून जितकं खाली, तितका जोर जास्त, त्यामुळे वरच्या मजल्यावर याच इमारतीत बादली सावकाश भरणार. टाकीत पाणी येतं कुठून, महापालिकेचं की टँकरचं, हे नळ सांगत नाही. त्यासाठी पुढचा शॉट सोसायटीच्या नोटीस बोर्डावरच्या पाण्याच्या वेळांचा. इथे जपायला लागतं. त्याच बोर्डावर थकबाकीदारांची यादी लावलेली होती, नावं आणि रकमांसकट. ती फ्रेममध्ये येऊ न देता फक्त वेळांचा कागद घेतला. सामायिक जागेत शूटिंग करण्याआधी सेक्रेटरींची परवानगी मेसेजवर घेतलेली होती. दारावरच्या नावाच्या पाट्या, गाड्यांचे नंबर आणि खेळणारी मुलं हेही मी टाळतो. ते त्यांचं राहतं घर आहे.

ओल हा सगळ्यात नाजूक विषय. सरळ प्रकाशात भिंत गुळगुळीत दिसते. मोबाइलची बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली की फुगलेला रंग, पोपडे, पांढरी क्षाराची भुकटी, सगळं सावलीसह उठून दिसतं. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: वरच्या घराच्या बाथरूमखालचं छत, खिडकीच्या खालचे कोपरे, आणि आपल्याकडे नैऋत्येचा पाऊस झोडपतो ती पश्चिमेची बाहेरची भिंत. एकाच तुकड्याला ताजा रंग दिसला तरी विचारावं. धायरीच्या घरात मोठ्या बेडरूमच्या बाथरूममध्ये छताला हात-दीड हाताचा पिवळसर डाग होता. मालकांचं म्हणणं, वरच्यांनी मागच्या वर्षी वॉटरप्रूफिंग करून घेतलं, डाग जुना आहे. डाग कोरडा होता हे आम्ही हाताने बघितलं. एजंट म्हणाला, "दादा, एवढं तरी राहू दे की." मी तो शॉट घेतला आणि त्यावर मालकांनी सांगितलेलं वाक्य "मालकांच्या सांगण्यानुसार" असं लिहून टाकलं. उन्हाळ्यात डाग कोरडा असणं म्हणजे गळती थांबली असं नाही, ते पावसाळ्यातच कळतं. कॅमेऱ्याला इथे मर्यादा आहे आणि ती बघणाऱ्याला कळली पाहिजे.

आवाजाचा एक शॉट संगीताशिवाय ठेवायचा, हा माझा हट्ट असतो. संध्याकाळी साडेसहाला बाल्कनीचं सरकतं दार उघडं ठेवून दहा सेकंद, मग त्याच शॉटमध्ये दार बंद करून दहा सेकंद. रिक्षा, हॉर्न, खालच्या दुकानाचं शटर, सगळं ऐकू येतं आणि दार बंद केल्यावर किती कमी होतं तेही. संपूर्ण व्हिडिओवर बासरी नाहीतर गिटार वाजवत ठेवली की हे कळायला मार्ग राहत नाही.

राहिलेला बी-रोल पटकन होतो: पार्किंगची जागा आणि खांबांमधलं अंतर, लिफ्टचा दरवाजा टेपसह, गिझर आणि वॉशिंग मशीनचे पॉइंट, माळा, मीटर रूम, बाल्कनीतून दिसणारं जे काही असेल ते. बाल्कनीसमोर रिकामा प्लॉट असेल तर तो नीट दाखवावा, कारण उद्या तिथे इमारत उभी राहू शकते. एकूण अठरा छोटे शॉट झाले आणि व्हिडिओ चार मिनिटांच्या थोडा वर गेला. शेवटी वीस सेकंदांची एक स्थिर पाटी: खोल्यांची मापं, कार्पेट, मजला, इमारतीचं वय, महिन्याचा मेंटेनन्स, पार्किंग झाकलेलं की उघडं.

या पाटीवरच्या "कार्पेट" शब्दाला कायद्याचा अर्थ आहे. २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या भिंतींखालची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणून बाल्कनीचं माप वेगळ्या ओळीत द्यावं, कार्पेटमध्ये मिसळू नये. नव्या, नोंदणीकृत प्रकल्पाचा व्हिडिओ असेल तर ती जाहिरातच ठरते. तिच्यावर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता हवा, आणि महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही. हा कोड बरेच जण शेवटच्या सेकंदाला दाखवून मोकळे होतात. पण बघणारा ज्या फोनवर व्हिडिओ बघतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? कोड पाच-सहा सेकंद स्थिर ठेवावा म्हणजे स्क्रीनशॉट घेता येईल, आणि शेजारी नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा म्हणजे संकेतस्थळावर टाकून प्रकल्पाची माहिती काढता येईल.

तुम्ही पहिलं घर शोधत असाल आणि कोणी व्हिडिओ पाठवला, तर हॉलमध्ये थांबवून फरश्या मोजा. कडेच्या फरश्या लांबट दिसल्या, किंवा पूर्ण व्हिडिओत जमीन दिसलीच नाही, तर एजंटला फोन करून दोनच शॉट मागा: फोनच्या १x वर बेडरूमच्या दारातून सरळ घेतलेला एक आणि टायमर शेजारी ठेवून बादली भरतानाचा दुसरा. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम आहे. ते आल्याशिवाय रात्रीच्या बसचं तिकीट काढू नका.